तोतरेपणावरून चिडवणं: नोंद कशी ठेवाल

तुमच्या मुलाला वर्गात तोतरेपणावरून चिडवतात, आणि तुम्ही शिक्षिकेला लिहिलंत, 'सगळे त्याला चिडवतात.' वर्गशिक्षिकेला एवढ्यावरून काही करता येत नाही. त्याच संध्याकाळी चार ओळी लिहा, चिडवण्याचे शब्द जसेच्या तसे. उदाहरणार्थ: 'मंगळवार, भाषेचा तास. ओळीने वाचन. "प"वर अडकला. मागून दोघांनी "प-प-प" केलं, बाकीचे हसले. त्याने पुस्तक मिटलं. बाई फळ्याकडे वळलेल्या.' पण त्यासाठी रोज उलटतपासणी नको. तो सांगेल तेवढंच लिहा. तो किती वेळा अडकला हे मोजू नका. तोतरेपणा दिवसागणिक कमी-जास्त होतोच, आणि मोजलं की मुलाला वाटतं, दोष त्याच्या बोलण्याचा आहे.

बाईंनाही अशीच नोंद ठेवायला सांगा, सोबत त्यांनी काय केलं तेही. दोन-तीन आठवड्यांनी दोन्ही वह्या शेजारी ठेवा. वरच्यासारख्या नोंदी बहुतेक ओळीने वाचनाच्याच निघाल्या, तर गोची तिथे आहे: आपली पाळी जवळ येताना ताण वाढत जातो. मग जोडीने वाचन करून बघा. दुसऱ्याच्या आवाजात आवाज मिसळला की बहुतेक मुलं कमी अडकतात. मात्र आधी त्याला एकट्याला विचारा. त्याला न विचारता वाचनातून वगळलं, तर चिडवणाऱ्यांना आयतंच कोलीत.

नकला करणाऱ्यांशी बाईंनी वेगवेगळं बोलावं, नोंदीतले शब्द समोर ठेवून. भर वर्गात त्याचं नाव घेऊन भाषण किंवा सगळ्यांसमोर माफी, दोन्ही टाळा; पुन्हा सगळ्यांच्या नजरा त्याच्यावरच. पंधरा दिवसांनी परत भेटा. तक्रारी थांबल्या, पण तो हातच वर करत नसेल, तर प्रकरण मिटलेलं नाही.