नकार नेमका कुठल्या टप्प्यावर येतोय?

‘मॅडम, मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. चार महिन्यांपासून इंटर्नशिपसाठी अर्ज करतोय. कुठून नकार येतो, कुठून उत्तरच येत नाही. रिझ्युमे दोनदा बदलून पाहिला. माझ्यातच काही कमी आहे का? पुढच्या फेरीआधी नेमकं काय सुधारू?’

रिझ्युमे इतक्यात पुन्हा बदलू नकोस. आधी प्रत्येक अर्ज कुठे थांबला, ते पाहू. नाशिकची मेकॅनिकलची एक विद्यार्थिनी गेल्या वर्षी माझ्याकडे आली होती. तिचं उदाहरण तुला जवळचं वाटेल. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

तिने २३ अर्ज केले होते. आम्ही ते सगळे एका वहीत उतरवले: कंपनी, काम, जाहिरातीतल्या अटी, अर्ज कुठवर गेला. १६ ठिकाणांहून काहीच उत्तर नव्हतं, तीन ठिकाणी ती ऑनलाइन चाचणीत अडकली होती आणि चार ठिकाणी मुलाखतीनंतर नकार आला होता. तीन चाचण्यांवरून काही ठरवण्यात अर्थ नव्हता, म्हणून त्या बाजूला ठेवल्या.

उत्तर न आलेल्या १६ जाहिराती पुन्हा नीट वाचल्यावर तिचा चेहराच बदलला. त्यातल्या नऊ ठिकाणी सलग सहा महिने येऊ शकणारे किंवा शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी हवे होते. तिच्याकडे होती सहाव्या सत्रानंतरची दोन महिन्यांची सुट्टी. म्हणजे हे नऊ अर्ज तिची पात्रता बघण्याआधीच गळण्याची शक्यता होती. कंपनीचं मोठं नाव दिसलं की अटींकडे दुर्लक्ष होतं, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहते.

उरलेल्या सात ठिकाणी मात्र रिझ्युमेकडे बघावं लागलं. वरच्या चार ओळी ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’ने व्यापल्या होत्या आणि खाली लिहिलं होतं, ‘बाहा संघाची सदस्य, ब्रेक विभागात काम, सॉलिडवर्क्सचं चांगलं ज्ञान.’ बाहा म्हणजे विद्यार्थ्यांनी खडबडीत रस्त्यांवर चालणारी गाडी स्वतः बनवायची स्पर्धा. तिने त्या गाडीचं ब्रेक पेडल स्वतः डिझाइन केलं होतं आणि तेच रिझ्युमेवर नव्हतं! मग ती ओळ अशी झाली: ‘ब्रेक पेडल सॉलिडवर्क्समध्ये डिझाइन केलं, अ‍ॅन्सिसमध्ये ताण तपासून वजन ६२० ग्रॅमवरून ४८० ग्रॅमवर आणलं.’ सोबत टॉलरन्स दिलेलं एका पानाचं ड्रॉइंग जोडलं. ऑब्जेक्टिव्ह आणि छंद काढून टाकले.

खरी मेहनत मुलाखतींवर घ्यावी लागली. आठवतील तेवढे प्रश्न आणि तिने दिलेली उत्तरं, शब्दशः, मी तिला लिहायला लावली. चारपैकी तीन मुलाखतींत गाडी एकाच जागी घसरली होती: ‘हे असंच का केलं?’ एकाने विचारलं होतं, ‘पेडल रेशो ६ का घेतला?’ तिचं उत्तर होतं, ‘सीनिअर्सनी तोच ठेवला होता.’

त्यामागचं गणित तिला करता येत होतं, पण ते कुणापुढे मोठ्याने मांडायची सवय नव्हती. आम्ही ते माझ्यासमोरच बोलून केलं. चालकाने पायाने ४०० न्यूटन जोर दिला, तर रेशो ६ असल्याने मास्टर सिलिंडरवर २४०० न्यूटन पडतात. स्पर्धेच्या ब्रेक चाचणीत चारही चाकं लॉक व्हावी लागतात आणि त्यासाठी लागणारा दाब तेवढ्या जोरात मिळत होता. ‘मग ८ का नाही?’ मी विचारलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, ‘पेडल जास्त दाबावं लागेल, आणि पायापाशी तेवढी जागा नाही.’ मुलाखत घेणाऱ्याला हेच ऐकायचं असतं. प्रोजेक्टमधल्या अशा प्रत्येक निर्णयाला दोनदा ‘का’ विचारायचं आणि उत्तर फोनवर रेकॉर्ड करून ऐकायचं, हा तिचा पुढच्या पंधरा दिवसांचा अभ्यास होता.

पुढच्या फेरीत तिने मोजकेच अर्ज केले. पोर्टलवरच्या मोठ्या कंपन्यांऐवजी सातपूर, अंबड आणि चाकणमधल्या सुटे भाग आणि फिक्श्चर बनवणाऱ्या कारखान्यांच्या डिझाइन विभागांना थेट ईमेल पाठवले. येऊ शकण्याच्या तारखा पहिल्याच ओळीत. सातपूरच्या एका कारखान्यात दोन महिन्यांचं काम मिळालं. ज्या बड्या कंपनीवर तिचा जीव होता, तिथून याही वेळी उत्तर आलं नाही. कधी जागा आधीच भरलेली असते, कधी ओळखीतून दिली जाते. असे नकार कितीही उकलले तरी त्यात तुझ्या हातचं काही सापडणार नाही.

तू तुझ्या अर्जांची अशीच यादी कर. निम्म्याहून जास्त अर्ज उत्तराविना पडले असतील तर मुलाखतीच्या तयारीत आत्ता वेळ घालवू नकोस, आधी जाहिरातींतल्या अटी आणि रिझ्युमे बघ. मुलाखतीपर्यंत पोचून परत येत असशील, तर रिझ्युमेला हात लावू नकोस. यादी आणि आठवतील ते प्रश्न घेऊन ये, आपण एकत्र बसू.