‘माड’ शोधला, ‘माडिया’ सापडले

प्रश्न : मुलगी मराठीत बी.ए. झाली, आता ग्रंथालयशास्त्राला जायचं म्हणते. हल्ली शब्द टाकला की पुस्तक सापडतं, मग वर्गीकरण नि विषयशीर्षकं शिकून काय करणार? मी तिला अर्ज भरू दिला नाही. बी.एड. कर म्हणून तुम्हीच तिला समजवा.
– एक पालक, डिचोली

उत्तर : अर्ज भरू दिला नाही, हे किती सहज लिहिलंत! पदवीधर मुलीला अडवायचं आणि समजूत घालायला दुसऱ्याला बोलवायचं, हे काम मी करणार नाही. बी.एड. कोणाला हवंय, तिला की तुम्हाला? पत्रात तिचं एकही वाक्य नाही.

आता ‘शब्द टाकला की सापडतं’ याबद्दल. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मराठी, कोंकणी, पोर्तुगीज, इंग्रजी अशी सगळी पुस्तकं आहेत. समजा, कोणाला माडाच्या लागवडीवर वाचायचंय. त्याने सूचीत ‘माड’ टाकलं. नेमका तेवढाच शब्द शोधला जात असेल, तर शीर्षकातलं ‘माडाची’ निसटतं. ‘नारळ’ आणि पोर्तुगीज शीर्षकं तर येतच नाहीत. सुरुवातीची अक्षरं जुळवून शोधलं, तर ‘माडी’ येते, ‘माडिया’ जमातही येते. सूची बनवणाऱ्या तालिकाकाराने मात्र माडाच्या लागवडीवरची ही सगळी पुस्तकं चाळून त्यांना एकच विषयशीर्षक आणि ड्यूई दशांश वर्गीकरणाचा ६३४.६१ हा अंक दिलेला असतो. भाषा कुठलीही असो, एका शीर्षकाखाली ती सगळी मिळतात.

शिवाय साध्या शब्दशोधातही यंत्र बहुतेकदा ही विषयशीर्षकं वाचतच असतं. अमेरिकेत टीना ग्रॉस आणि आर्लिन टेलर यांनी २००५ मध्ये हे तपासलं. नोंदींतून विषयशीर्षकं काढली, तर शब्दशोधात मिळणाऱ्या नोंदींपैकी एक तृतीयांशाहून अधिक गळतील, असं त्यांना दिसलं. म्हणजे ज्या सोयीच्या जोरावर तुम्ही हा विषय मोडीत काढताय, तिच्यामागे तालिकाकाराचीच मेहनत आहे.

यात खोटही आहे. नारळाच्या पाककृती शेतीजवळ सापडत नाहीत, त्या ६४१.६४६१ वर जातात. त्यांचं इंग्रजी शीर्षक पूर्वी ‘कुकरी’ने सुरू व्हायचं, ही शीर्षकं ठरवणाऱ्या अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१० मध्ये ते ‘कुकिंग’ केलं. जुन्या नोंदी दुरुस्त न केलेल्या सूचीत त्यामुळे एकाच विषयाचे दोन ढीग पडतात. तिथे ‘कोकोनट’ हा साधा शब्दच दोन्ही ढीग दाखवतो. म्हणून जाणकार माणूस आधी शब्दाने एक चांगली नोंद गाठतो, तिच्यावरचं विषयशीर्षक पाहतो आणि पुढचा शोध त्या शीर्षकाने घेतो. कुठल्या ढिगात काय अडकलंय हे ओळखणं शिकावं लागतं.

वाट सरळ आहे: बी.लिब., एम.लिब., कॉलेजात जायचं तर पुढे नेट किंवा सेट. जागा थोड्या असतात, वाट पाहावी लागते, हे मुलीला जरूर सांगा. पुढचं पत्र मात्र तिला लिहू द्या. आणि यंदाची मुदत संपली नसेल, तर तो अर्ज आधी भरू द्या.