आजोबांचा चेहरा चौथ्या क्लिपला का बदलतो

प्रश्न: लालबागच्या आमच्या चाळीच्या कार्यक्रमासाठी ३० सेकंदांचा एआय व्हिडिओ करतोय. आजोबा पहाटे डबा घेऊन गिरणीत जातात, एवढंच. टूल ५ सेकंदांच्या वर जात नाही. शेवटची फ्रेम घेऊन पुढची क्लिप करत गेलो, तर चौथ्या क्लिपला चेहराच वेगळा आणि रंग भडक. काय करू?

शेवटच्या फ्रेमची साखळी लावली की हे होणारच. मीही पहिल्यांदा असाच एक अख्खा रविवार घालवला होता.

आधी ५ सेकंदांचं कोडं. व्हिडिओ बनवणाऱ्या टूल्समधली बहुतेक एआय मॉडेल्स एक फ्रेम झाली की दुसरी, अशी काढत नाहीत. अख्खी क्लिप एकदम, धुरकट ठिपक्यांमधून हळूहळू साफ होत येते, आणि त्यात प्रत्येक तुकडा बाकीच्या प्रत्येक तुकड्याकडे बघत असतो. म्हणून तर आजोबांची टोपी पहिल्या सेकंदाला पांढरी असली की पाचव्यालाही पांढरीच राहते. वॅन २.१ हे ओपन मॉडेल घ्या. सेकंदाला १६ फ्रेम्स, एका क्लिपच्या ८१. मॉडेल त्या दाबून वेळेचे २१ थर करतं आणि ७२०पी चित्रात प्रत्येक थराचे ३,६०० तुकडे पडतात. म्हणजे ७५,६०० तुकडे, सगळे एकमेकांकडे बघणारे. लांबी दुप्पट केली की हे बघण्याचं काम जवळपास चौपट होतं. तुमचे ३० सेकंद एकदम मागितले तर साधारण ३३ पट. शिवाय मॉडेल शिकलेलं असतं तेही अशाच छोट्या क्लिप्सवर. घरच्या मशीनवर आकडा जबरदस्तीने वाढवलात, तर हालचाल फिरून पहिल्या जागी येते किंवा माणूस जागच्या जागी घुटमळतो.

आता चेहरा. शेवटची फ्रेम पुढच्या क्लिपला दिली की ती पुन्हा दाबली जाते, पुन्हा उलगडते, आणि दर वेळी बारीक तपशील थोडा हरवतो. झेरॉक्सची झेरॉक्स. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पुढच्या क्लिपला आजोबांबद्दल त्या एका फ्रेमइतकंच माहीत असतं. त्यात ते लांब असतील किंवा पाठमोरे असतील, तर ते वळले की मॉडेल नवीन आजोबा बनवतं. खात्री करायची असेल तर पहिल्या आणि चौथ्या क्लिपची पहिली फ्रेम शेजारी ठेवा आणि टोपीचा पांढरा रंग बघा. चेहऱ्यातला फरक जाणवण्याआधी तिथे पिवळेपणा नाहीतर जास्तीची चमक दिसते.

म्हणून साखळी सोडा आणि कट घ्या. आधी आजोबांचं एक चांगलं स्थिर चित्र पक्कं करा. त्यावरून प्रत्येक शॉटसाठी वेगळं सुरुवातीचं चित्र बनवा आणि प्रत्येक क्लिप तिथून सुरू करा. मी तुमचा व्हिडिओ असा कापला असता: पहाटेची गल्ली ५ सेकंद, गॅलरीत आजोबा चपला घालतात ४, डबा उचलणारा हात ३, जिना उतरताना पाठमोरे ५, गल्लीत समोरून चेहरा ४, गिरणीच्या गेटवरची गर्दी ५, गेटात शिरताना पाठमोरे ४. झाले ३०. चेहरा नीट दिसतो तो फक्त दोन शॉट्समध्ये, आणि दोन्ही मूळ चित्रावरून निघालेले. डब्याचा हात तर कुणाचाही चालतो! ४ सेकंद हवे असले तरी क्लिप ५ चीच काढा, म्हणजे दोन्ही टोकांचा अडखळता भाग कापता येतो.

जिन्याचा शॉट सलग १० सेकंद हवाच असेल, तर एकदाच जोड द्या. शेवटची फ्रेम अशी काढतात:

```
ffmpeg -sseof -1 -i jina.mp4 -update 1 last.png
```

दुसऱ्या क्लिपची पहिली फ्रेम तीच असते, ती उडवा, नाहीतर जोडावर बारीक हिसका बसतो. दुसरी अडचण वेगाची: स्थिर चित्रावरून चाल किती होती ते कळत नाही, म्हणून आजोबा क्षणभर थबकून पुन्हा निघतात. काही टूल्स शेवटची एक फ्रेम न घेता मागच्या बऱ्याच फ्रेम्स घेतात, तिथे हा त्रास कमी. नसेल तर जोड अशा जागी ठेवा जिथे ते खांबाआड जातात.

आवाज मात्र क्लिपगणिक वेगळा घेऊ नका. गिरणीचा भोंगा आणि गल्लीची कुजबुज असा एकच ३० सेकंदांचा पट्टा खाली अंथरा. भोंगा डब्याच्या शॉटवर सुरू करून जिन्यावरही वाजत ठेवलात, तर तो कट कुणाच्या लक्षात येत नाही. चित्र बदललं तरी कान तिथेच असतो.

आणि एडिटिंगची टाइमलाइन २५ फ्रेम्सची असेल, तर १६ च्या क्लिप्स तशाच टाकू नका, चाल झटके देते. मधल्या फ्रेम्स भरून घ्या, पण कट करायच्या आधी, प्रत्येक क्लिपवर स्वतंत्र. जोडलेल्या व्हिडिओवर केलंत तर कटच्या जागी गल्ली आणि आजोबा एकमेकांत विरघळलेली एक भुताटकी फ्रेम तयार होते.