मॅचला थेरपीबद्दल कधी आणि किती सांगू?

"मॅट्रिमोनी साइटवरच्या मुलाशी तीन आठवडे बोलतेय. वर्षभर अँग्झायटीची गोळी आणि थेरपी चालू आहे. आत्ताच सांगू का?"

चॅटवर अजिबात नको, स्क्रीनशॉट थेट त्यांच्या फॅमिली ग्रुपवर जातो (माझा गेलाय एकदा). दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत दोघंच असताना सांग, पण घरच्यांची बोलणी पक्की व्हायच्या आत. लपवून लग्न केलं तर उद्या समोरचा हिंदू विवाह कायद्याच्या कलम 12 खाली, महत्त्वाची गोष्ट लपवून फसवलं म्हणत कोर्टात जाऊ शकतो, कोर्ट मानेल न मानेल, मनस्ताप तर होतोच ना.

मी नवऱ्याला कॉफी संपता संपता एवढंच म्हटलं, "मला पॅनिक अटॅक यायचे, रोज सकाळी एक गोळी असते, पंधरा दिवसांनी काउन्सेलरकडे जाते, ऑफिस नीट चालू आहे." बास. कशामुळे सुरू झालं, सेशनमध्ये काय बोलते, ते बऱ्याच नंतर.

त्याने विचारलं, गोळी कधी बंद होणार? मी म्हटलं, डॉक्टर ठरवतील. हा प्रश्न चालतो गं. पण "लग्नानंतर सोडून दे हे सगळं" असं आलं तर तिथेच थांब, कारण अशा बऱ्याच गोळ्या एकदम सोडल्या की चक्कर येते, झोप उडते, आणि निस्तरायचं तुलाच.