लाईट गेली तर परीक्षा जाते का?

"मॅडम, परभणीजवळ राहते. अन्नसुरक्षेचा ऑनलाइन कोर्स झाला, आता परीक्षा घरूनच, कॅमेऱ्यासमोर द्यायची आहे. लग्नानंतर नाव बदललंय, लाईटचा भरवसा नाही, घरात माणसांचा राबता. मधेच काही झालं तर रद्द करतात का? फी भरून बसलेय."

अंबाजोगाईच्या एका ताईंची गोष्ट सांगते. घरी काळा मसाला आणि शेंगदाण्याची चटणी करून विकतात. एका हॉटेलला माल द्यायचा होता, त्यांनी प्रमाणपत्र मागितलं, म्हणून कोर्स केला. अभ्यास पक्का होता. पण पहिल्या वेळी त्यांना प्रश्नपत्रिका दिसलीसुद्धा नाही.

नोंदणी भाच्याने केली होती, दहावीची मार्कशीट समोर ठेवून. म्हणजे माहेरचं आडनाव. परीक्षेच्या दिवशी कॅमेऱ्यासमोर धरलं आधार, त्यावर सासरचं. पलीकडे बसलेल्या माणसाला, ज्याला प्रॉक्टर म्हणतात, आपल्याकडे लग्नानंतर काय काय बदलतं हे समजावण्यात अर्थ नसतो. त्याच्यासमोर दोन नावं असतात आणि ती जुळली नाहीत की तो पुढे जाऊ देत नाही. ताईंनी विवाह प्रमाणपत्र दाखवायचा प्रयत्न केला. ते काही संस्था मान्य करतात, पण आधी ईमेलने पाठवून, ऐनवेळी दारात नव्हे. फी गेली.

दुसऱ्या वेळी त्या माझ्याकडे आल्या तेव्हा आधार बदलून घ्यायचं म्हणत होत्या. मी अडवलं. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि त्यात दिवस जातात. उलट करायचं: जे ओळखपत्र दाखवणार त्यावरचं इंग्रजी स्पेलिंग अक्षर-अक्षर बघून नोंदणीतलं नाव दुरुस्त करून घ्यायचं. परीक्षा बुक झाल्यावर ते आपल्याला बहुधा बदलता येत नाही, संस्थेला लिहावं लागतं. म्हणून आठ-दहा दिवस हातात ठेवा. First name आणि Last name हे दोन रकाने नीट बघा, कारण आपल्याकडे आडनाव आधी लिहायची सवय असते. आणि आधारच चालतं असंही धरू नका. काही परदेशी संस्था पासपोर्टच मागतात. ओळखपत्रांची यादी परीक्षेच्या नियमांत असते, ती फी भरण्याआधी वाचायची. मोबाइलमधला फोटो किंवा झेरॉक्स बहुतेक ठिकाणी चालत नाही, मूळ कार्डच लागतं.

कार्ड दाखवण्यातही एक गंमत आहे. ताईंचं आधार लॅमिनेट केलेलं, ट्यूबलाईटखाली नुसतं चकाकायचं. शिवाय आपण घाईत कार्ड कॅमेऱ्याला चिकटवतो, आणि लॅपटॉपच्या साध्या कॅमेऱ्यात जवळची अक्षरं पुसट होतात. वीतभर मागे धरून किंचित तिरकं केलं की वाचता येतं. आम्ही आदल्या दिवशी लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातच करून पाहिलं.

आता लाईट. लॅपटॉपला बॅटरी असते म्हणून लोक निर्धास्त असतात, पण लाईट गेली की पहिला बंद पडतो तो वायफायचा राउटर. तो इन्व्हर्टरवर हवा, नाहीतर राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो तो घ्या. ताईंकडे यातलं काहीच नव्हतं, मोबाइलचं हॉटस्पॉट होतं. त्यात अडचण अशी, की परीक्षेच्या खोलीत मोबाइल हाताशी ठेवता येत नाही. मग तो शेजारच्या खोलीत, खिडकीत, चार्जरला लावून ठेवला. दार बंद करून रेंज पोचते का ते आधी पाहिलं. ज्या मोबाइलला दोन सिम असतात, त्यात दुसऱ्या सिमवर फोन आला की नेट तुटू शकतं. नुसतं सायलेंट करून भागत नाही, फोन येतोच. म्हणून दुसरं सिम काढलं आणि पहिल्यावरचे कॉल दीरांच्या नंबरवर वळवले.

नेट तपासताना सगळे डाउनलोड बघतात. इथे तुमचा व्हिडिओ सतत पलीकडे जात असतो, म्हणून खरं महत्त्व अपलोडला. किमान किती हवं ते नियमांत लिहिलेलं असतं. संस्थेची सिस्टीम चाचणी असते, ती त्याच लॅपटॉपवर, त्याच नेटवर, त्याच खोलीत आणि परीक्षेच्या वेळेलाच करा. सकाळी सहाला छान चालणारं नेट संध्याकाळी सातला रडतं. ताईंनी चाचणी भाच्याच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर केली, तेव्हा परीक्षेचा ब्राउझर इन्स्टॉलच झाला नाही, कारण कंपनीच्या लॅपटॉपवर तशी परवानगी नसते. बरं झालं आधी कळलं. शेजारच्या मुलीचा लॅपटॉप आणला. त्यात AnyDesk आणि डेस्कटॉपवरचं WhatsApp चालू होतं. दुसऱ्याला स्क्रीन दाखवू शकणारं काहीही उघडं असलं की परीक्षा सुरूच होत नाही. Ctrl+Shift+Esc दाबून काय काय चालू आहे ते बघितलं, दोन्ही बंद केलं.

खोली दाखवताना मात्र खास आपल्या कोर्सची भानगड झाली. कॅमेरा फिरवला तर भिंतीवर ताईंनीच चिकटवलेला तक्ता: ५ ते ६० अंश सेल्सिअस हा धोक्याचा पट्टा, त्यात अन्न ठेवू नये. प्रश्नाचं उत्तरच भिंतीवर! प्रॉक्टरने चॅटमध्ये लिहिलं, Please remove the paper from the wall. तक्ता काढला आणि गाडी पुढे गेली. तुमच्याकडे मसाल्याचे डबे आणि लेबलं असतील तर ती दुसऱ्या खोलीत हलवा. डोक्यावर पदर असेल तर कान दाखवायला सांगतात, कानात काही लावलंय का ते बघायला. धार्मिक कारणाने डोकं झाकत असाल तर तसं आधी लिहून कळवा.

एका सवयीने ताई जवळजवळ अडकल्या. प्रश्न ओठांतल्या ओठांत वाचायची सवय. कॅमेऱ्याला ते कुणाशी तरी बोलल्यासारखं दिसतं आणि इशारा येतो. एक इशारा आला, मग त्यांनी ओठ घट्ट मिटले. सासूबाईंना आधीच सांगून ठेवलं होतं, तरी चहाचं विचारायला त्या दारापर्यंत आल्याच. दाराला आतून कडी होती म्हणून निभावलं. तुमच्याकडेही कडी घाला. कुणी आत दिसलं तर बऱ्याच ठिकाणी परीक्षा तिथेच थांबवतात.

आणि विसाव्या मिनिटाला नेट गेलंच. बहुतेक परीक्षांत दिलेली उत्तरं तिकडे सर्व्हरवर जमा झालेली असतात. पुन्हा जोडलं की ओळख परत तपासतात आणि थांबलात तिथून पुढे चालू करू देतात. ताईंचं चार मिनिटांत जुळलं. जुळलंच नाही तर जागा सोडून मोबाइलवरून प्रश्नांचे फोटो काढू नका, ते मात्र नियमभंगात मोडतं. किती वाजता तुटलं ते लक्षात ठेवा, त्याच दिवशी मदत विभागाला लिहा आणि तक्रार क्रमांक घ्या. लाईट गेल्याचा महावितरणचा एसएमएस आला असेल तर तोही जोडा. त्यावरून पुन्हा तारीख द्यायची की नाही ते संस्था ठरवते, आपल्या हातात नसतं.

परीक्षा संपल्यावर ताईंचा निकाल लगेच आला नाही. 'तपासणीत' असं दिसत होतं आणि त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. इशारा मिळालेला असला की कुणीतरी माणूस रेकॉर्डिंग बघतो, म्हणून उशीर होतो. तपासणीत असणं म्हणजे रद्द नव्हे. आठवड्याने प्रमाणपत्र आलं, आणि त्यावर आधारवरचंच नाव होतं.