रिटर्नची साडी: पिकअप कसा लावायचा, पैसे कधी सोडायचे

प्रश्न: लातूरहून ऑनलाइन साड्या विकतो. पिकअप झाला की लगेच रिफंड देतो, पण पार्सल उघडलं की कधी वापरलेली, तर कधी भलतीच साडी निघते. काय करू?

दादा, आधी रिफंड पिकअपवरून काढून तुमच्या तपासणीवर टाका. कुरिअरचा मुलगा दारात उभा राहून साडीचा रंग, काठ, टॅग आणि नग एवढंच बघू शकतो. फॉल लागलाय का, घामाचा डाग आहे का, हे तिथे कळत नाही.

तरीही पिकअप 'क्यूसी'सह, म्हणजे दारातल्या तपासणीसहच लावा. थोडे पैसे जास्त लागतात, पण साडीचा फोटो आणि हो-नाही उत्तराचे दोन-तीन प्रश्न त्याच्या ॲपवर जातात. "साडी कशी आहे?" असं विचारू नका. "काठ हिरवा आहे का?" असं विचारा. उत्तर "नाही" असं आलं तर पार्सल उचललंच जात नाही, भलत्या साडीची निम्मी भानगड तिथेच मिटते.

आपल्याकडे अडचण गावांची आहे. ज्या पिनकोडवर डिलिव्हरी होते तिथे रिव्हर्स पिकअप असेलच असं नाही, म्हणून रिटर्न मंजूर करण्याआधी तपासा. नसेल तर ग्राहकाला स्पीड पोस्टने पाठवायला सांगा आणि पावतीचे पैसे द्या. सोयाबीनच्या काढणीत दुपारी घरी कुणी सापडत नाही. वेळ फोनवर ठरवूनच पिकअप टाका, कारण दोन-तीन फेऱ्या फुकट गेल्या की विनंती आपोआप रद्द होते.

आता तपासणी. समजा, जिंतूरकडच्या ताईंनी "पदरात धागे ओढलेत" म्हणून साडी परत केली. पार्सल न उघडता वजन करा. जाताना ७८० ग्रॅम होतं आणि आता ५२० भरलं, तर आत काहीतरी कमी आहे. मग लेबल दिसेल असं धरून, मध्ये न थांबवता व्हिडिओ काढत उघडा. पदरात खरंच दोष निघाला तर टॅग तुटलाय म्हणून नाकारू नका. ई-कॉमर्सच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे सदोष किंवा वर्णनापेक्षा वेगळा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. पैसे की दुसरी साडी, हे ताईंना रिटर्न नोंदवतानाच विचारा. बदली मागितली असेल तर पिकअप झाल्याबरोबर तशीच एक साडी बाजूला काढून ठेवा, नाहीतर तपासणी होईपर्यंत ती विकली जाते. कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर यूपीआय किंवा खात्याचा नंबर रिटर्न नोंदवतानाच घ्या.

दोष नाही, पण फॉल-पिको झालंय, तर ती वापरलेली साडी. तिथे नकार योग्य, फक्त ही अट विकतानाच लिहिलेली हवी. फॉलचा जवळून फोटो आणि व्हिडिओ त्याच दिवशी पाठवा, आणि साडी परत पाठवायचा खर्च कोणाचा हे आधी सांगा. साडी मात्र अडवून ठेवू नका. पैसेही नाही आणि मालही नाही, अशी तक्रार १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर गेली तर तुमच्या हातातला व्हिडिओही तुम्हाला वाचवणार नाही.