घर सोडण्याआधी रिक्रुटरला विचारून घे

पोरी,

ऑफर स्वीकारल्याचा तुझा मेसेज वाचून खूप आनंद झाला. पण खाली तू लिहिलंस, "पुढचं ते कळवतीलच, उगाच त्रास कशाला द्यायचा." इथे तुझं चुकतंय. बऱ्याच कंपन्यांत तू हो म्हणालीस की रिक्रुटरचं मुख्य काम संपतं. कागदपत्रं एचआरमधले दुसरे लोक बघतात, लॅपटॉप आयटीवाले देतात, आणि पहिल्या दिवशी तुझी वाट बघतो तो मॅनेजर तिसराच. या सगळ्यांत तुझ्या ओळखीचं माणूस एकच, रिक्रुटर. म्हणून मेल त्यांनाच कर आणि त्यातच विचार, की जॉइनिंगचं काम कोण बघतं, त्यांचा मेल आणि नंबर मिळेल का.

मी पुण्यात जॉइनिंगच्या टेबलावर बरीच वर्षं बसले. कोथरूडच्या मुलीचा एखादा कागद घरी राहिला तर दुपारच्या आत भाऊ आणून देतो. औशाच्या किंवा जिंतूरच्या मुलीचा राहिला तर वडील रात्रीच्या गाडीत बसतात. तुझ्याकडे अजून तीन आठवडे आहेत आणि कपाटातली फाईल हाताशी आहे, तोवर विचारायचं ते विचारून घे.

कागदपत्रांची यादी तुला येईलच. यादीत जे नसतं ते विचारायचं. पहिला प्रश्न असा, की मूळ प्रती फक्त दाखवायच्या आहेत की जमा करायच्या? नीट चालणारी कंपनी मूळ मार्कशीट बघते, झेरॉक्सशी पडताळते आणि तिथल्या तिथे परत देते. झेरॉक्सवर तुझी सही लागते, एवढंच. कुणी मूळ प्रती ठेवून घेतो म्हणालं तर देऊ नकोस. कारण लेखी माग आणि आधी मला फोन कर.

दुसरा प्रश्न पदवीचा. तुझा निकाल लागलाय, पण पदवी हातात यायला दीक्षान्त समारंभापर्यंत थांबावं लागेल. तोवर प्रोव्हिजनल सर्टिफिकेट चालतं. तुझं कॉलेज नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाचं आहे, त्यामुळे आजच कॉलेजच्या ऑफिसात जाऊन त्यासाठी अर्ज कसा करायचा ते विचार. (लातूर-नांदेडकडची बरीच इंजिनिअरिंग कॉलेजं लोणेरेच्या विद्यापीठाला जोडलेली आहेत. तुझ्या मैत्रिणींना तिकडे चौकशी करावी लागेल.) ते जॉइनिंगपर्यंत मिळणार नसेल तर लपवू नकोस. सरळ विचार, सध्या सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट चालतील का, आणि प्रोव्हिजनल किती दिवसांत द्यायचं. हे आधी विचारलं की मुदत सहसा मिळते. टेबलासमोर उभं राहून सांगितलं की तुझी फाईल अपुरी म्हणून बाजूला पडते.

तिसरी गोष्ट नावाची, आणि आपल्याकडच्या मुलांचं घोडं सगळ्यात जास्त इथेच अडतं. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग तुझं नाव, मग वडिलांचं. आधारवर तुझं नाव आधी. नुसता क्रम वेगळा असेल तर महाराष्ट्रातल्या एचआरला त्याची सवय असते. अडतं ते स्पेलिंगवर. तुझ्या वडिलांचं नाव ज्ञानेश्वर. इंग्रजीत एका कागदावर ते 'डी'ने सुरू होतं, दुसऱ्यावर 'जी'ने. पीएफचं खातं आधारवरच्या नावाशी जुळवतात, त्यामुळे कंपनीच्या सिस्टिममध्ये नाव मार्कशीटवरून भरलं गेलं तर पुढे पीएफ अडकतो. आज रात्री आधार, पॅन, दहावीची मार्कशीट, बँकेचं पासबुक आणि ऑफर लेटर शेजारी शेजारी ठेव आणि एकेक अक्षर ताडून बघ. फरक सापडला तर तो रिक्रुटरला लिहून कळव. सिस्टिममध्ये आधारप्रमाणे नाव घ्याल का, आणि फरकासाठी प्रतिज्ञापत्र लागेल का, असं विचार. लागलं तर ते तहसीलला जाऊन गावाकडेच करून घेता येईल.

आणि आधारला मोबाईल नंबर कुणाचा आहे? गेल्या वर्षी परभणीकडची एक मुलगी माझ्यासमोर बसली होती. करारावर ऑनलाइन सही करायची होती, ओटीपी गेला वडिलांच्या नंबरवर, आणि वडील शेतात, फोन घरी. ओटीपीची मुदत संपत राहिली आणि दुपार तिथेच गेली. शिवाय पहिली नोकरी असेल तर पीएफचा युएएन नंबर ऑगस्ट २०२५ पासून उमंग अॅपवर चेहरा पडताळून काढावा लागतो, तेव्हाही आधारला जोडलेला फोन हाताशी हवा. तो नंबर वडिलांचा असेल तर निघण्याआधी बदलून घे. आणि युएएन मी आधी काढून आणू की तुम्ही तिथे काढून घेता, हेही विचार.

लॅपटॉपचं असं आहे. तो ऑफिसात मिळणार की कुरियरने येणार, आणि कोणत्या पत्त्यावर? कंपन्या बऱ्याचदा तू फॉर्ममध्ये भरलेलाच पत्ता उचलतात, म्हणजे तुझ्या गावाचा. अंबाजोगाईच्या एका मुलाचा लॅपटॉप गावी पोचला तेव्हा तो पुण्यात खोलीवर होता. कुरियरवाला ओळखपत्र बघून त्याच्याच हातात देणार म्हणून अडून बसला. पार्सल परत गेलं आणि पहिला आठवडा मुलगा नुसता बसून राहिला. म्हणून पुण्यातला पत्ता पक्का झाल्यावरच तो कळव आणि पाठवण्याची तारीख विचार. खोका हातात आला की उघडण्याआधी त्याचा फोटो काढ, दणका किंवा ओरखडा दिसला तर त्याच दिवशी मेल कर. लॅपटॉपसाठी अनामत म्हणून कुणी आधी पैसे मागितले तर एक रुपयाही भरू नकोस. कंपनीच्या वेबसाइटवरचा नंबर शोधून तिथे खात्री कर. नोकरीच्या नावाखाली फसवणारे नेमकं हेच मागतात.

पहिल्या दिवसाबद्दल फार विचारायला नको. किती वाजता, कोणत्या इमारतीत, कोणत्या गेटवर, कुणाचं नाव सांगायचं, आणि साधारण किती वाजता सुटका होईल, एवढं पुरे. हिंजवडीला एकाच कंपनीच्या दोन-दोन इमारती असतात, आणि सिक्युरिटीच्या यादीत तुझं नाव नसलं की अर्धा तास गेटवरच जातो.

मेल इंग्रजीतच लिही, पण साधा. मजकूर असा ठेव:

"ऑफर स्वीकारल्यानंतर जॉइनिंगची तयारी करते आहे. मी लातूर जिल्ह्यातून येणार असल्याने कागदपत्रं आधीच पूर्ण करायची आहेत. मूळ प्रती फक्त पडताळणीसाठी लागतील का? प्रोव्हिजनल सर्टिफिकेट यायला वेळ आहे, तोपर्यंत मार्कशीट चालतील का? आधार आणि मार्कशीटवर वडिलांच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक आहे, दोन्ही प्रती सोबत जोडल्या आहेत. लॅपटॉप कुठे आणि कधी मिळेल? पहिल्या दिवशी किती वाजता, कुठे आणि कुणाला भेटायचं?"

प्रती जोडताना आधारचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत जोड, ती आधारच्या वेबसाइटवरून उतरवता येते. कामाचे दोन दिवस उत्तर आलं नाही तर त्याच मेलखाली आठवण लिही, तिसऱ्या दिवशी फोन कर. फोनवर जे ठरेल ते लगेच मेलवर टाक: "आज बोलणं झाल्याप्रमाणे…" रिक्रुटर मध्येच बदलला तरी ते लेखी राहतं.

आणि रविवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघून सोमवारी सकाळी थेट गेटवर जायचं मनात असेल तर ते सोड. शनिवारी ये, माझ्याकडे उतर, रविवारी आपण तुझी फाईल एकदा बघून घेऊ.

तुझी,
ताई